मोठ्या घाण्याचा एकतारी पाक : पाणी किती घालायचं आणि किती उरवायचं

रव्याच्या लाडवांची कृती बहुतेक घरांतल्या वहीत थोड्याफार फरकाने सारखीच असते. चार वाट्या रवा, तीन वाट्या साखर, वाटीभर तूप. साखरेच्या निम्मं पाणी घालून पाच मिनिटं उकळायचं, एकतारी पाक झाला की त्यात भाजलेला रवा घालायचा. या प्रमाणाने लाडू वर्षानुवर्षं चांगले होतात. पण लग्नघर असतं, किंवा बचत गटाकडे दिवाळीची मागणी येते, आणि रवा एकदम पाच किलो घ्यायची वेळ येते. मग वहीतलं सगळंच त्या पटीत वाढवलं जातं आणि नेमका पाक बिघडतो. पाच मिनिटांनी पाहावं तर पातेल्यात नुसतं गोड पाणी असतं. म्हणून आच मोठी करून पाक तसाच उकळत ठेवला, की लाडू वळेपर्यंत मिश्रण दगडासारखं होतं.

या फसगतीचं कारण असं की वहीतल्या कृतीत सुरुवातीला घालायचं पाणी लिहिलेलं असतं आणि शेवटी उरायला हवं ते पाणी लिहिलेलं नसतं. पाकाची तार या उरलेल्या पाण्यावर ठरते. वाटी-दोन वाट्यांच्या पाकात हे न लिहिताही निभावतं, कारण हाताला सवय असते. घाणा वीसपट झाला की सवय कामाला येत नाही, तेव्हा आकडा माहीत असावा लागतो.

किलोमागे 400 ग्रॅम

तो आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. एक किलो साखरेमागे साधारण 400 ग्रॅम पाणी उरलं की पाक एकतारी होतो. म्हणजे साखर आणि पाणी मिळून पाकाचं वजन साखरेच्या 1.4 पट भरतं. अशा पाकात दर शंभर ग्रॅममध्ये 71-72 ग्रॅम साखर असते. किलोमागे 600 ग्रॅमच्या आसपास पाणी असेल तर पाक बोटाला चिकटतो, पण त्याला तार येत नाही. गुलाबजाम ज्यात मुरवतात तो साधारण असा असतो. पाणी आटून किलोमागे 300 ग्रॅमवर आलं की दोन तारी पाकाच्या जवळ आपण पोचलेलो असतो. त्याच्याही पुढे, पाणी आणखी बरंच आटल्यावर, गोळीबंद पाक येतो.

म्हणजे गुलाबजामाच्या पाकापासून लाडवाच्या पाकापर्यंत आणि तिथून दोन तारीपर्यंतचं सगळं अंतर किलोमागे 300 ग्रॅम पाण्याचं आहे. या पट्ट्यात साखर जळत नाही, तिचं दुसऱ्या कशात फारसं रूपांतरही होत नाही. फक्त पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेल्या पाण्यात साखरेची दाटी वाढते. म्हणूनच या टप्प्यापर्यंतची चूक सुधारता येते. जास्त आटलेल्या पाकात मोजून पाणी परत घातलं की तो पुन्हा एकतारी होतो.

एकतारीच का

रव्याच्या लाडवाला, बुंदीच्या लाडवाला, म्हैसूरपाकाला एकतारी पाकच का लागतो, याचं उत्तर साखर पाण्यात किती विरघळते त्यात आहे. खोलीच्या तापमानाला, म्हणजे 20 ते 25 अंशांना, एक किलो पाण्यात जेमतेम दोन किलोंहून थोडी जास्त साखर विरघळलेली राहू शकते. पाणी तापलं की ही क्षमता झपाट्याने वाढते आणि उकळीच्या तापमानाला पावणेपाच किलोंच्या पुढे जाते. एकतारी पाकात एक किलो पाण्यामागे अडीच किलो साखर असते. गरम असताना ती सहज विरघळलेली असते. पाक निवला की त्यातली काही साखर पाण्यात मावेनाशी होते आणि बारीक स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडू लागते.

लाडू वळला जातो तो या स्फटिकांच्या जोरावर. रव्याचा प्रत्येक कण पाकाने माखलेला असतो. रवा हळूहळू पाणी शोषून फुगतो, त्यामुळे बाहेरच्या पाकातलं पाणी आणखी कमी होतं, आणि जास्तीची साखर कणाकणांच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवते. चार किलो साखरेच्या एकतारी पाकात 1.6 किलो पाणी असतं. ते निवल्यावर सव्वातीन ते साडेतीन किलो साखर धरून ठेवू शकतं. उरलेली अर्धा ते पाऊण किलो साखर नुसत्या निवण्यानेच बाहेर पडायला मोकळी असते. लाडू आकार धरतो, पण दातांना मऊ लागतो, तो या मोजक्या जास्तीच्या साखरेमुळे.

पाक कच्चा राहिला तर निवल्यावरही सगळी साखर पाण्यातच राहते. लाडू ओलसर राहतो, ताटात ठेवला की बसका होतो आणि लवकर बुरशी धरतो. पाक पुढे गेला तर जास्तीची साखर फार असते आणि ती फार लवकर बाहेर पडते. रव्याला पाणी शोषायला वेळ मिळण्याआधीच मिश्रण आवळून येतं. मग लाडू वळले जात नाहीत किंवा वळले तरी फोडायला कठीण जातात. एकतारी पाक या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीवर बसतो. ही पट्टी साखरेच्या स्वभावाने ठरलेली आहे, त्यामुळे घाणा लहान असो वा मोठा, ती बदलत नाही.

निम्मं पाणी : वाटीने आणि वजनाने

आता सुरुवातीच्या पाण्याकडे येऊ. वहीतलं ‘साखरेच्या निम्मं पाणी’ हे वाटीचं माप असतं. 240 मिलिलिटरच्या मापात साखर सुमारे 200 ग्रॅम भरते आणि पाणी 240 ग्रॅम. म्हणून एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी म्हणजे वजनाने 200 ग्रॅमला 120 ग्रॅम, अर्थात किलोमागे 600 ग्रॅम. मोठ्या घाण्यात मात्र साखर पोत्यातून किलोने येते आणि पाणी लिटरने मोजलं जातं. तिथे निम्मं म्हणजे किलोला अर्धा लिटर. शब्द एकच असला तरी किलोमागे 100 मिलिलिटरचा फरक पडतो. चार किलो साखरेत तो जवळजवळ अर्धा लिटर होतो.

मोठ्या घाण्यासाठी वजनाचं निम्मं, म्हणजे किलोला 500 मिलिलिटर पाणी, हेच प्रमाण चांगलं. त्यातलं 100 मिलिलिटर आटवलं की आपण 400 वर पोचतो. वाटीच्या प्रमाणाने 600 घातलं, तर आटवायचं पाणी दुप्पट होतं, म्हणजे किलोमागे 200 मिलिलिटर. पाक तरीही होतो, पण वेळ आणि गॅस दुप्पट जातो. शिवाय बराच वेळ कडेला आच लागत राहिली की पाकाला पिवळसर झाक येते.

मग थेट 400 मिलिलिटरच पाणी का घालू नये, हा प्रश्न रास्त आहे. हिशेबाने ते चालायला हवं, कारण एवढ्या पाण्यात किलोभर साखर साधारण 50 अंशांनाच पूर्ण विरघळू शकते. अडचण प्रत्यक्ष कामात येते. साखर विरघळायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात थोडी वाफ निघून जातेच. दाट पाण्यात साखर तळाला बसते आणि हलवलं नाही तर खालून लागते. काही दाणे अखेरपर्यंत विरघळत नाहीत आणि तेच पुढे पाक साखरायला कारण होतात. वर आलेली मळी काढायची तर पाक थोडा पातळ असावा लागतो. वरचे 100 मिलिलिटर ही या सगळ्या कामांसाठी ठेवलेली सवड आहे. त्याहून जास्त सवडीची गरज नसते.

वेळ का फसवते

वहीतली ‘पाच मिनिटं’ मोठ्या घाण्यात का चालत नाहीत, तेही याच हिशेबातून कळतं. उकळत्या पाकातून दर मिनिटाला किती पाणी जाईल ते आचेवर ठरतं. घरच्या मोठ्या बर्नरवर पूर्ण आचेला मिनिटाला साधारण 30 ते 40 ग्रॅम पाणी आटतं. साखर वीसपट केली म्हणून बर्नर वीसपट होत नाही. एका वाटीच्या पाकात 40 ग्रॅम पाणी आटवायचं असतं, ते मध्यम आचेवरही दोन-तीन मिनिटांत होतं. चार किलो साखरेत 2 लिटर पाण्यापासून सुरुवात केली तर 400 ग्रॅम आटवायचं असतं, म्हणजे उकळी फुटल्यापासून दहा ते तेरा मिनिटं. तोच पाक 2.4 लिटर पाण्यापासून केला तर 800 ग्रॅम आटवावं लागतं आणि वीस-पंचवीस मिनिटं जातात. उकळी यायला लागणारा वेळ दोन्हीकडे वेगळाच.

आपल्या शेगडीचा वेग काढून ठेवणं अवघड नाही. ज्या पातेल्यात पाक करायचा त्यात मोजून दोन लिटर पाणी घ्यावं, खळखळून उकळी आली की वजन करावं, दहा मिनिटं उकळू द्यावं आणि पुन्हा वजन करावं. आलेल्या फरकाला दहाने भागलं की मिनिटाचा वेग मिळतो. भट्टीची किंवा व्यावसायिक शेगडीची आच घरच्या बर्नरच्या कितीतरी पट असते. तिथे हा आकडा वेगळाच निघेल आणि मिनिटं त्या प्रमाणात कमी होतील.

या हिशेबात मोठ्या घाण्याची एक जमेची बाजूही दिसते. एका वाटीच्या पाकाला एकतारीवरून दोन तारीवर जायला फक्त 20 ग्रॅम पाणी जावं लागतं, त्याला मिनिटभर पुरतो. चार किलोंच्या पाकाला त्यासाठी 400 ग्रॅम जावं लागतं, म्हणजे घरच्या बर्नरवर पुन्हा दहा मिनिटं. म्हणजे मोठा पाक हातातून निसटायला वेळ घेतो. घाई न करता दर दोन मिनिटांनी पाहत राहिलं तर योग्य टप्पा चुकत नाही.

पाच किलो रव्याचा घाणा

एक घाणा पूर्ण मांडून पाहू. बारीक रवा 5 किलो, साजूक तूप दीड किलो, साखर 4 किलो, पाणी 2 लिटर, वेलची आणि बेदाणे आवडीप्रमाणे. वहीच्या प्रमाणाने साखर 4.4 किलो होते. इथे गोडी किंचित कमी ठेवली आहे. यातून सुमारे 12 किलो मिश्रण होतं आणि 40 ग्रॅमचे तीनशेच्या आसपास लाडू निघतात.

रवा तुपावर दोन-तीन हप्त्यांत मंद आचेवर भाजावा. एकदम पाच किलो रवा घरच्या कढईत सारखा भाजला जात नाही. भाजून झाला की पसरून कोमट होऊ द्यावा. पाकासाठी जाड बुडाचं, किमान दहा लिटरचं पातेलं घ्यावं. साखर-पाणी मिळून साडेचार लिटर होतं आणि उकळताना फेस वर चढतो, म्हणून अर्धं पातेलं रिकामं असावं. पातेल्याचं रिकामं वजन आधी करून भिंतीवर किंवा कागदावर लिहून ठेवावं. समजा ते अडीच किलो भरलं.

साखर आणि पाणी एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावं आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत हलवत राहावं. ती विरघळण्याआधी उकळी येऊ देऊ नये. उकळी आली की दोन-तीन चमचे दूध घालावं. दुधातली प्रथिनं गोठताना साखरेतली मळी धरून वर आणतात, ती झाऱ्याने काढून टाकावी. पातेल्याच्या कडेला उडालेले थेंब वाळून त्यांचे दाणे होतात. ओल्या फडक्याने किंवा ब्रशने ते पुसून खाली उतरवावेत. एकदा साखर विरघळली की सतत ढवळायचं कारण नाही.

खळखळून उकळी आल्यापासून वेळ धरावी. आठ मिनिटांनी पहिली तपासणी करावी. इथे वजनकाटा फार उपयोगी पडतो. 4 किलो साखरेचा एकतारी पाक 5.6 किलो भरायला हवा. पातेल्याचे अडीच किलो मिळवले की काट्यावर 8.1 किलो दिसायला हवेत. गॅस बंद करावा, फेस बसू द्यावा, काट्यावर लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोघांनी धरून पातेलं पाटावर ठेवावं. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त भाजतो आणि अंगाला चिकटून राहतो, म्हणून हे काम एकट्याने करू नये आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावं. काटा 8.3 दाखवत असेल तर अजून 200 ग्रॅम पाणी जायला हवं, म्हणजे पाच-सहा मिनिटं. 8.1 आलं की पाक तयार झाला. लगेच वेलची आणि बेदाणे घालावेत.

मग कोमट रवा थोडा थोडा घालून ढवळावं. मिश्रण सुरुवातीला सैल, जवळजवळ पातळ शिऱ्यासारखं दिसतं. ते पाहून आणखी रवा घालायचा मोह होतो, तो आवरावा. एवढा मोठा गोळा निवायला बराच वेळ घेतो. कडेचा भाग आवळतो आणि मधला गरम, सैल राहतो. म्हणून दर अर्ध्या तासाने तळापासून वरखाली करावं. मधल्या वेळात झाकण ठेवावं, पण झाकणाखाली सुती कापड बांधावं, नाहीतर वाफेचं पाणी परत मिश्रणात टपकतं आणि मोजून आटवलेला पाक ओला होतो. थोडा रवा हातात घेऊन मुठीत दाबला आणि तो आकार धरू लागला, तूपही बोटांना जाणवू लागलं, की वळायला घ्यावं. बारीक रव्याला साधारण तीन ते चार तास लागतात. जाड रवा पाणी सावकाश शोषतो, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

तार पाहायची कशी

काटा असला तरी तार पाहता यायला हवी, कारण सगळ्यांकडे दहा किलोंच्या पुढचा काटा नसतो. तार पाहण्यातली खरी अडचण तापमानाची आहे. पाक जितका गरम तितका तो पातळ वाहतो. त्यामुळे उकळत्या पाकाचा थेंब लगेच बोटात धरला तर झालेला पाकही कच्चा वाटतो, आणि पळीवर मिनिटभर राहिलेला थेंब पाहिला तर कच्चा पाकही झालेला वाटतो. पळीच्या कडेचा पातळ थर वाळतही असतो, त्यामुळे तो पातेल्यातल्या पाकापेक्षा दाट असतो.

म्हणून पद्धत दर वेळी एकच ठेवावी. पाक एकदा ढवळून मधोमध खालून पळीभर घ्यावा, त्यातला एक थेंब थंड स्टीलच्या ताटलीवर टाकावा, दहापर्यंत अंक मोजावेत आणि मग अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूहळू अलग करावीत. एक सलग तार निघून बोटभर अंतराच्या आत ती टिकली तर पाक एकतारी झाला. तार निघताच तुटत असेल तर पाक अजून कच्चा आहे. दोन तारा दिसू लागल्या तर तो पुढे गेला आहे. तपासणी चालू असताना गॅस बंद ठेवावा. भट्टीवर तर हे विसरूच नये, कारण तिथे तपासण्याच्या मिनिटभरातच पाक बदलतो.

थर्मामीटर असेल तर तिसरा पुरावा मिळतो. साखरेची दाटी वाढते तसं उकळण्याचं तापमान चढतं. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळतं आणि एकतारी पाक 105 ते 106 अंशांना. दोन तारी पाक 108 च्या आसपास येतो. ही दोन-तीन अंशांची गोष्ट असल्याने ठिकाणाचा फरकही धरावा लागतो. मुंबईला किंवा रत्नागिरीला हे आकडे जसेच्या तसे चालतात. पुणं साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथे पाणीच 98 अंशांच्या जवळपास उकळतं, त्यामुळे एकतारी पाक 103 ते 104 अंशांना होतो. पुण्यात 106 अंशांची वाट पाहणाऱ्याचा पाक दोन तारी होऊन बसतो. सोपा नियम असा की आधी आपल्याकडच्या उकळत्या पाण्याचं तापमान त्याच थर्मामीटरने पाहावं आणि त्यात साडेपाच अंश मिळवावेत. यात थर्मामीटरची स्वतःची चूकही आपोआप वजा होते.

बिघडलं तर

रवा घालण्याआधी लक्षात आलं तर काहीच बिघडलेलं नसतं. वजन 5.6 ऐवजी 5.2 किलो भरलं, तर 400 मिलिलिटर गरम पाणी घालून एक उकळी आणावी. तार पुन्हा एकवर येते. पाकाचा रंग बदामी झाला असेल तर मात्र साखर करपायला लागलेली आहे, तिथे पाणी घालून चव परत येत नाही.

रवा घातल्यावर मिश्रण आवळून भगराळ झालं, तर वरून गरम पाण्याचा किंवा दुधाचा हबका मारून, झाकून, अर्धा तास थांबावं आणि मग पाहावं. बारा किलो मिश्रणाला एका वेळी अर्ध्या वाटीपेक्षा जास्त पाणी घालू नये, कारण रव्याला ते शोषायला वेळ लागतो आणि परिणाम उशिरा दिसतो. दूध घातलेले लाडू लवकर संपवावेत.

मिश्रण उलट सैलच राहिलं तर आधी वाट पाहावी. चार-पाच तासांनीही मूठ धरत नसेल तर ते मोठ्या परातीत पातळ पसरून उघडं ठेवावं, किंवा हप्त्याहप्त्याने कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतावं. यात जास्तीचं पाणीच जातं. कोरडा भाजलेला रवा घालून घट्ट करण्याचा उपाय शेवटचा, कारण त्याने गोडी आणि तुपाचं प्रमाण दोन्ही बिघडतं.

पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबू पिळायची पद्धत आहे. आंबटपणामुळे थोड्या साखरेचे दोन घटक सुटे होतात आणि ते स्फटिक होऊ देत नाहीत. बुंदी पाडून होईपर्यंत पाक थांबवायचा असतो, तिथे काही थेंब उपयोगी पडतात. रव्याच्या लाडवाला मात्र साखरेचे बारीक स्फटिक हवेच असतात. तिथे लिंबू सढळ हाताने पिळलं तर लाडू चिकट होतो आणि हवेतला ओलावा ओढून घेतो.

आकडा कुठे बदलतो

किलोमागे 400 ग्रॅमचा आकडा कोरड्या जिन्नसांसाठी आहे. ओला नारळ घातला की हिशेब बदलतो, कारण ओल्या खोबऱ्याचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. पाच किलो रव्याला किलोभर ओला नारळ घातला तर त्याच्याबरोबर साधारण साडेचारशे ग्रॅम पाणी येतं. म्हणजे एकतारी पाक घालूनही मिश्रणातलं पाणी कच्च्या पाकाइतकं होतं. म्हणून खोबरं रव्याबरोबर कोरडं होईपर्यंत भाजून घ्यावं, किंवा पाक एकतारीच्या थोडा पुढे न्यावा. असे लाडू चार-सहा दिवसांत संपतील एवढेच करावेत. गुळाच्या पाकाला हा आकडा लावू नये. गुळात स्वतःचं पाणी असतं आणि सुट्या झालेल्या साखरेचं प्रमाण प्रत्येक भेलीत वेगळं असतं.

साखरेच्या पाकासाठी मात्र वहीत एक ओळ वाढवून ठेवावी : एक किलो साखर, अर्धा लिटर पाणी, उकळून पाकाचं वजन 1 किलो 400 ग्रॅम. साखर दोन किलो असो की वीस किलो, याच ओळीला गुणावं. मिनिटांना कधी गुणू नये.